मदत हवी आहे: नागपूरचे सुती शर्ट रत्नागिरीत दिवसभर ओलेच, कापड कोणतं घेऊ?

वर्धारोडकर
नमस्कार मंडळी. जन्म नागपूरचा, उन्हाची सवय आहे, ४५ डिग्रीत पण फील्डवर फिरलोय. डोक्याला दुपट्टा बांधला, जाड सुती शर्ट घातला की काम भागतं. आता बदली झाली रत्नागिरीला. मागच्या आठवड्यात घर बघायला पाच दिवस जाऊन आलो, टेंपरेचर ३३ च्या वर नव्हतं तरी हालत खराब. साडेनऊला घातलेला शर्ट दहा वाजता पाठीला चिकटला तो संध्याकाळी रूमवर येऊन काढेपर्यंत ओलाच. काखेत आणि पट्ट्याखाली घामोळ्या, शेवटच्या दिवशी तर चालताना पण आग होत होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात जॉइन व्हायचंय. माझ्याकडे सात शर्ट आहेत, सगळे शंभर टक्के कॉटन, दुकानदार ज्याला ऑक्सफर्ड म्हणतो ते जाडसर. मग कॉटन असून असं का झालं हेच समजत नाहीये. तिघांनी तीन सल्ले दिले, एक म्हणतो लिनन, एक म्हणतो एकदम पातळ कॉटन, आणि ऑफिसातला एक पोरगा म्हणतो खेळाडू घालतात तसं ड्राय फिट. बजेट सहा हजार, ऑफिसला कॉलरचा शर्ट लागतो. ज्यांनी दोन्हीकडचे उन्हाळे काढलेत त्यांनी प्लीज सांगा.

तात्या_महाल
काही नवीन घ्यायची गरज नाही भाऊ. जाड खादी घ्या, सकाळी पाण्यातून काढून पिळून घाला, वारा लागला की एसी फेल आहे. मी चाळीस वर्षं हेच करून राहिलो.

वर्धारोडकर
तात्या, नागपुरात मी पण तेच करतो 🙏 पण मला रत्नागिरीला राहायचंय, तिथे ओला शर्ट वाळतच नाही हाच तर प्रॉब्लेम आहे.

गांधीबागेतला
कापडाच्या धंद्यात तीस वर्षं झाली, थोडं सविस्तर लिहितो.

तात्यांचं नागपूरपुरतं एकदम बरोबर आहे, आणि तुमचा गोंधळ पण तिथेच आहे. आपला कूलर आठवा. मे महिन्यात दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते म्हणून ताट्यांवरचं पाणी भराभर उडतं आणि गार लागतं. तोच कूलर पावसाळ्यात लावला की नुसती चिकचिक. जाड सुती शर्ट म्हणजे अंगावरची ताटी. सूत घाम पितं, नागपुरात तो लगेच उडतो, तुम्हाला गार वाटतं. समुद्रकाठी हवाच ओलसर, घाम उडायला जागा नाही, आणि जाड सूत तर पीतच राहतं. मग दिवसभर ओलं फडकं अंगाला गुंडाळल्यासारखं होतं. कॉटन खोटं नव्हतं तुमचं, जाडी आणि वीण चुकली.

म्हणून तिथे दोनच गोष्टी बघायच्या. एक, कापडात पाणी थोडंच मावलं पाहिजे, म्हणजे कापड हलकं पाहिजे. दुसरी जास्त महत्त्वाची, ओलं झाल्यावर ते अंगाला चिकटतं की सुटं राहतं. शर्ट आणि पाठ यांच्यामधून वारा खेळला तरच काही उडेल. नाव काय आहे, लिनन की कॉटन, ते नंतर.

दुकानात उभ्या उभ्या बघता येतं. कापड एकपदरी ओठांना लावून फुंकर मारा, पलीकडे धरलेल्या तळहाताला हवा लागली पाहिजे. तुमच्या ऑक्सफर्डला ही फुंकर घरी मारून बघा, लगेच कळेल. मग एक कोपरा ओला करून हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या वर चिकटवा आणि हळूच उचला. मलमल आणि वॉइल हवा चांगली देतात पण ओली झाली की कातडीला बसतात. लिननचं सूत ताठ आणि गाठीगाठीचं असतं, ते पटकन सुटून येतं. लिननचा खरा फायदा हाच.

श्रीमान_लिनन
+१. लिनन म्हणजे लिनन, डोळे मिटून घ्या. लिनन घाम पितच नाही, म्हणून तर कोरडं राहतं. आणि जितकं महाग तितकं गार, हे पण लक्षात ठेवा.

गांधीबागेतला
लिनन घ्या हे बरोबर, कारण मात्र उलटं आहे. लिनन सुतापेक्षा जास्तच ओल पितं. बऱ्यापैकी प्यायलं तरी हाताला ओलं लागत नाही आणि पुढे सोडतं पण लवकर, म्हणून तुम्हाला कोरडं वाटतं. घाम पीत नाही ते पॉलिस्टर.

महाग म्हणजे गार असंही नाही. दुकानात ६० ली, ८० ली असं सांगतात, आकडा वाढला की सूत बारीक आणि भाव चढा. पण बारीक सूत दाट विणलं तर फुंकर अडतेच. शर्टाला ६० ली पुरेसं आहे. शिवायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात ठेवून वाळवून द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आखडेल.

आणि एक, हे लिनन निघतं कशापासून माहीत आहे? जवसाच्या झाडाच्या खोडापासून. आपण विदर्भात त्याच झाडाचं बी घेऊन चटणी करतो. धाग्यासाठीच्या जाती वेगळ्या, उंच वाढणाऱ्या.

माहेर_रत्नागिरी_सासर_नागपूर
दादा, तुम्ही जूनमध्ये जाताय म्हणून लिहिते, सगळे उन्हाळ्याचंच बोलत आहेत. जून ते सप्टेंबर तिकडे घामापेक्षा कपडे वाळणं हा मोठा विषय आहे. आमच्या घरी पडवीत दोऱ्या बांधलेल्या असायच्या, बाबांचे सुती शर्ट तीन तीन दिवस वाळायचे नाहीत, कॉलर आणि शिवणी ओल्याच, मग त्याला तो कुबट वास येतो आणि कपाटात ठेवले की काळे ठिपके, बुरशीचे, जे मग जातच नाहीत. आई शेवटी इस्त्रीने वाळवायची. लिननला पण बुरशी लागते हां, माझा एक चांगला कुर्ता तसाच गेला. म्हणून सगळे सहा हजार लिननवर घालू नका. पावसात ये-जा करायला दोन सिंथेटिक टीशर्ट ठेवा, पिळून पंख्याखाली टाकले की सकाळी घालता येतात.

बेसा_आई
थोडं वेगळं विचारते, धागा भरकटवायचा नाहीये. माझ्या मुलीच्या शाळेचा युनिफॉर्म टेरीकॉटचा आहे, एप्रिलमध्ये पाठ लाल होऊन येते तिची. शाळा कापड बदलू देत नाही. आतून सुती बनियन घातलं तर बरं की अजून गरम होईल?

गांधीबागेतला
ताई, नागपुरात पातळ सुती बनियन घाला, बिनबाह्यांचं, फायदा होईल. घाम सूत पिऊन घेईल आणि टेरीकॉट थेट कातडीला घासणार नाही. रत्नागिरीत हेच सांगेन का, तर माझं मन तयार होत नाही. तिथे दोन थर म्हणजे वारा अजून कमी.

माहेर_रत्नागिरी_सासर_नागपूर
माझे बाबा आयुष्यभर जाळीचं बनियन घालूनच बाहेर पडले, म्हणायचे शर्ट पाठीला चिकटत नाही. तुम्ही वर सुटं राहण्याचं म्हणालात ते जाळीने होतच असेल ना?

गांधीबागेतला
जाळीचं असेल तर मुद्दा आहे तुमचा. साध्या होजियरी बनियनला मी नाहीच म्हणेन.

वर्धारोडकर
तुमचं वाचून दोन दिवस हेच करून राहिलो होतो. घरातले चार शर्ट घेतले: माझा ऑक्सफर्ड, भावाचा वॉइलचा, मेव्हण्याचा लिनन आणि एक ड्राय फिट टीशर्ट. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कोरडे मोजले, मशीनमध्ये एकत्र पिळले, परत मोजले. ऑक्सफर्ड २७० ग्रॅमचा ४३० झाला म्हणजे १६० ग्रॅम पाणी अंगावर! वॉइल १३० चा १९० झाला. लिनन १८० चा २७५. टीशर्ट १४० चा १६५. मग रत्नागिरीसारखी हवा कुठून आणायची म्हणून बाथरूममध्ये गरम पाण्याच्या दोन बादल्या ठेवून दार लावलं आणि आत दोरीवर टांगले. रात्री अकराला टांगले होते. पहाटे चारला उठून बघितलं तर टीशर्ट कोरडा, वॉइल जवळपास कोरडा, लिननची फक्त कॉलर आणि बटणपट्टी ओली. ऑक्सफर्ड सकाळी आठला पण खांद्यामागे गार लागत होता.

पण मनगटावरच्या परीक्षेत वॉइल मागे पडला, ओला झाला की कातडीसारखा बसतो, लिनन उचललं की सुटून आलं. आता प्रश्न टीशर्टचा, तो तर सगळ्यात आधी वाळला, मग सगळेच ड्राय फिट का घेऊ नयेत?

गांधीबागेतला
मेहनत घेतली भाऊ, छान वाटलं. टीशर्ट वाळला कारण पॉलिस्टर पाणी आत घेतच नाही, ते फक्त धाग्यांच्या मधल्या फटींतून पसरतं. धावताना किंवा पंख्याखाली ते चांगलं चालतं. पण बसून काम असेल, वारा नसेल, तर तोच घाम अंगावर तसाच राहतो आणि चिकट लागतं. दुसरं म्हणजे वास. घामातलं तेलकट त्याला धरून बसतं, दोन महिन्यांत धुतल्यावर पण काखेत वास उरतो. उलटा करून धुवा, आणि कपडे मऊ करायचं ते लिक्विड वापरू नका, त्याचा थर बसला की घाम पसरणं कमी होतं.

तुमच्या ऑक्सफर्डच्या खांद्यामागे ओल राहिली ना, तिथे शर्टाला दुहेरी कापड असतं. शिंप्याला सांगा तिथे एकेरी ठेव, कॉलरमध्ये पातळात पातळ बकरम घाल, आणि छातीला घेर सहा इंच लूज दे. अंगाबरोबर बसणारं लिनन शिवलं तर पैसे वाया.

वर्धारोडकर
काल एका दुकानात रेडिमेड "लिनन" शर्ट ७०० ला मिळत होता. आतल्या शिवणीतून दोन धागे उपसून घरी आणले, काडी लावली तर वितळून काळा कडक मणी झाला.

गांधीबागेतला
पॉलिस्टर आहे त्यात, सोडा तो. खरं लिनन कागदासारखं जळून मऊ राख होते. पण उलट धरू नका, राख झाली म्हणजे लिननच असं नाही, कॉटन आणि रेयॉन पण तसेच जळतात. रेयॉन मऊ लोंबतं आणि ओलं झालं की जड होतं, ते हातातच कळतं.

वर्धारोडकर
ठीक आहे, मग दोन लिनन शिवून घेतो, दोन वॉइलचे ढगळ, आणि पावसासाठी दोन टीशर्ट. बनियनचं तिकडे जाऊनच बघतो, एक दिवस जाळीचं घालून, एक दिवस न घालता. पँटचं कोणी बोललंच नाही, घामोळ्या तर कमरेलाच जास्त होत्या. पट्टा सोडून नाडीची लिनन पँट ऑफिसला चालेल का, कोणी घालतं का तिकडे?