'हेड ऑफ एव्हरीथिंग' म्हणजे नेमकं काय सांगू? मदत हवी आहे

मंडळी, नाशिकमध्ये 11 जणांच्या स्टार्टअपमध्ये 3 वर्षं काम करतोय. द्राक्षबागेत बसवायचे ओलावा मोजणारे सेन्सर आम्ही विकतो. फाउंडरने हौसेने मला 'हेड ऑफ एव्हरीथिंग' पद दिलं, आणि ऑफर लेटरवरही तेच छापलंय.

परवा अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो. एचआरच्या बाई रेझ्युमे बघून हसल्या. "म्हणजे चहापाणी पण तुम्हीच बघता का?" खोटं कशाला बोलू, कधीकधी बघतोही.

घरी येऊन मागच्या 3 महिन्यांचं कॅलेंडर चाळलं. निम्म्याहून जास्त वेळ माल पाठवणं, पिंपळगाव-दिंडोरीकडे सेन्सर बसवणाऱ्या 4 पोरांचं वेळापत्रक आणि बिघाडाच्या तक्रारी यात गेलाय. 50 हजारांपर्यंतची खरेदी मी कुणाला न विचारता करतो. हिशेब सीए बघतात, मी फक्त बिलं पाठवतो. भरतीत पहिली मुलाखत माझी, शेवटचा शब्द फाउंडरचा. म्हणजे सरळ भाषेत मी ऑपरेशन्स मॅनेजर.

पण रेझ्युमेत नुसतं तेच लिहिलं आणि बॅकग्राउंड चेकमध्ये ऑफर लेटरवरचं पद वेगळं निघालं, तर खोटारडा ठरेन. म्हणून 'हेड ऑफ एव्हरीथिंग (काम: ऑपरेशन्स आणि फील्ड सर्व्हिस)' असं लिहून खाली हाताखालची माणसं आणि खर्चाची मर्यादा द्यायचा विचार आहे.

हे चालेल का? की फाउंडरकडून अनुभवपत्रातच कामाचं वर्णन लिहून घेऊ? आणि भरतीतला अर्धा वाटा लिहावा की गाळावा?