तेलकट खाल्लं की उजव्या बरगडीखाली दुखतं? पित्ताशयातल्या खड्यांचे अनुभव सांगा

शेवंती:
धागा बहिणीसाठी काढतेय. तिला तेलकट जेवण झालं की पोटात वर उजवीकडे, बरगडीच्या खाली, जड जड दुखतं. घरात सगळे अ‍ॅसिडिटी म्हणून सोडून देतात, पण मला स्वतःला पित्ताशयात खडे होते आणि तिचं वर्णन ऐकून माझंच आठवतंय. ज्यांना हे झालंय त्यांनी दुखणं नेमकं कसं होतं ते लिहा, आणि तपासणीत खडे निघालेच नसतील तर तेही लिहा.

माझं असं होतं की जेवताना काहीच नाही, जेवल्यावरही तासभर ठीक, आणि मग झोपायच्या वेळेला किंवा मध्यरात्री सुरू व्हायचं. कळ येते आणि जाते असं नाही, हळूहळू चढत जायचं आणि मग दोन-तीन तास एकाच पातळीवर ठाण मांडून बसायचं. कूस बदला, उठून चाला, ढेकर येऊ दे, संडासला जाऊन या, कशानेच उतरायचं नाही. सोबत मळमळ, आणि पाठीत उजव्या खांद्याच्या पात्याखाली कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं. मग आपोआप ओसरायचं आणि सकाळी मी ठणठणीत. पुढचे कित्येक दिवस काही नाही, त्यामुळे डॉक्टरकडे जायचंही राहून जायचं. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी छातीतली जळजळ थांबली पण हे दुखणं तसंच. एंडोस्कोपीत किरकोळ सूज सोडली तर काही नव्हतं. शेवटी सोनोग्राफीत बरेच खडे दिसले, सगळ्यात मोठा ९ मिमीचा. पित्तनळी साफ होती, रक्तातलं बिलिरुबिन नॉर्मल, म्हणून दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. त्यानंतर ते रात्रीचं दुखणं परत आलेलं नाही.

डोंगरवाट:
मलाही स्टोन होता, भयंकर दुखतं, कमरेतून सुरू होऊन खाली जांघेपर्यंत यायचं आणि मी गडबडा लोळायचो. भरपूर पाणी पीत राहिलो आणि लघवीवाटे पडून गेला. बहिणीला पाणी वाढवायला सांगा, ऑपरेशनच्या भानगडीत पडू नका.

निवांत:
डोंगरवाट, तुमचा मुतखडा होता, किडनीतला. पित्ताशयातल्या खड्याचा लघवीच्या मार्गाशी काही संबंध नाही, पाणी कितीही प्यायलं तरी तो त्या वाटेने पडणार नाही.

मी बरीच वर्षं सोनोग्राफी विभागात काम करतो म्हणून जे रोज बघतो ते लिहितो. तेलकट अन्न जठरातून पुढे आतड्यात उतरलं की तिथून पित्ताशयाला आकुंचन पावायचा निरोप जातो. आत खडा असेल आणि तो पिळताना तोंडाशी येऊन अडकला की पिशवी ताणली जाते, ते हे दुखणं. खडा मागे सरकला की दुखणं बंद. म्हणून ते जेवल्याबरोबर न होता थोडं उशिरा होतं आणि काही तासांत पूर्ण जातं. पाच-सहा तास उलटूनही उतरत नसेल, बरगडीखाली हात दाबून खोल श्वास घेताना श्वास मध्येच अडत असेल, ताप असेल, तर पित्ताशयाला सूज आली असं धरून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

बहिणीची सोनोग्राफी करताना सहा ते आठ तास उपाशीपोटी जाऊ द्या. चहा-नाश्ता करून आलेल्या पेशंटचं पित्ताशय रिकामं होऊन आकसलेलं असतं, त्यात बारीक खडे सुटून जातात. आम्ही पेशंटला डाव्या कुशीवर वळवतो, तेव्हा खडा घरंगळतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते. जागचं हलत नाही आणि सावलीही नाही, ते बऱ्याचदा पॉलिप असतं.

मोरपिसारा:
ऑपरेशनशिवाय पण होतं. माझ्या जावेने रात्री ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस घेतला आणि सकाळी हिरवे मऊ खडे ढिगाने पडले, मी स्वतः पाहिलेत. आणि खडे विरघळवायच्या गोळ्या असतात हेही खरं आहे, डॉक्टर सांगत नाहीत इतकंच.

निवांत:
मोरपिसारा ताई, गोळ्यांचं अर्धं बरोबर आहे. अर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या असतात, पण त्या लहान, कोलेस्टेरॉलच्या, कॅल्शियम न साठलेल्या खड्यांवर आणि पित्ताशय नीट काम करत असेल तरच चालतात. कित्येक महिने घ्याव्या लागतात आणि बंद केल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात. ते हिरवे मऊ गोळे मात्र तेल आणि पाचकरस मिळून आतड्यात तयार झालेले साबणासारखे गोळे असतात. जाऊबाईंची त्यानंतर सोनोग्राफी झाली का? आणि ज्याच्या पित्ताशयात खरंच खडे आहेत त्याने इतकं तेल एकदम पिणं म्हणजे पित्ताशयाच्या दुखण्याच्या अटॅकला आमंत्रण.

मोरपिसारा:
सोनोग्राफी नाही केली नंतर. तिला बरं वाटतंय म्हणते. विचारते तिला.

अबोली२:
माझ्या बाबांचं लिहिते, कारण त्यांना दुखणं जवळजवळ नव्हतंच. डायबेटिस आहे त्यांना. जेवल्यावर जरा जड वाटतं एवढंच म्हणायचे. मग एका संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला, आम्ही व्हायरल समजून पॅरासिटामॉल दिली. दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी गडद, आणि आईने खिडकीजवळ उजेडात बसवून बघितलं तर डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा. संडासचा रंगही मातकट पांढुरका झाला होता. बारीक खडा पित्ताशयातून निसटून मुख्य पित्तनळीत अडकला होता आणि वर इन्फेक्शन झालेलं. सलाईनमधून अँटिबायोटिक, मग तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढला, पित्ताशय त्यानंतर वेगळ्या ऑपरेशनने काढलं. सर्जन म्हणाले की बारीक खडे असे निसटतात, स्वादुपिंडालाही सूज आणू शकतात, म्हणून "खडा लहान आहे, चालतंय" असं धरून बसू नका. बहिणीला लघवीच्या रंगावर लक्ष ठेवायला नक्की सांगा.

कोरा_कागद:
माझं वेगळंच आहे. मला उजवीकडे जड वाटतं पण दिवसभर, तेलकट खाल्लं की थोडं जास्त, गॅस आणि पोट फुगणं तर कायमच. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आणि एकच खडा, १२ मिमी. एक सर्जन म्हणतात काढून टाका, दुसरे म्हणतात हे दुखणं खड्याचं वाटत नाही, खडा नुसता पडून आहे, थांबा. मी काय करू कळत नाहीये.

शेवंती:
कोरा_कागद, माझ्या सर्जननी मला आधीच बजावलं होतं की रात्रीचे ते अटॅक जातील, पोट फुगणं जाईलच असं नाही. तसंच झालं, फुगणं अजून आहे. उलट सुरुवातीला काही आठवडे तेलकट खाल्लं की पातळ संडास व्हायची, ती हळूहळू थांबली. म्हणजे तुम्ही फक्त गॅससाठी काढायचा विचार करत असाल तर दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतंय.

निवांत:
तसा त्रास नसलेला खडा पुष्कळांना आयुष्यभर काही करत नाही, म्हणून सरसकट काढत नाहीत. पण तुमचं "तेलकट खाल्लं की जास्त" हे मधलंच आहे, लांबून कुणी ठरवू शकणार नाही. काही आठवडे लिहून ठेवा, काय खाल्लं, दुखणं किती वाजता चढलं, किती वाजता पूर्ण गेलं, की गेलंच नाही. तो कागद दोघांनाही दाखवा.

अबोली२:
आणि कोरा_कागद, वजन कमी करायला क्रॅश डाएट करताय का? फॅटी लिव्हर म्हणून विचारलं. भराभर वजन उतरवलं तरी खडे होतात असं बाबांच्या वेळी कळलं.

कोरा_कागद:
हो! मध्यंतरी खूप वेगाने उतरवलं होतं. खडा त्याच्या आधीपासूनचा की नंतरचा हे कसं कळणार? आधी सोनोग्राफी केलेलीच नाही.

शेवंती:
बहिणीची सोनोग्राफी शनिवारी सकाळी ठरलीय, उपाशीपोटी. सोबत लिव्हरच्या रक्ततपासण्याही सांगितल्यात. काल रात्री परत दुखलं तिला, साडेअकराला सुरू होऊन दोनच्या आत थांबलं, ताप नाही, लघवी नेहमीसारखी. रिपोर्ट आला की इथे टाकते.