फोटोखालच्या ओळीनं गोत्यात आणलंय का कधी?

काल माळा आवरताना जुन्या साप्ताहिकाचा गठ्ठा निघाला आणि पोटात गोळाच आला. तिथं फोटोओळी मी लिहायचो. आमच्या भागातले एक दादा पालिकेला पडले, आठवड्यानं पोरांनी घरी जाऊन सत्कार केला, मी खाली लिहिलं, ‘कार्यकर्त्यांकडून हार स्वीकारताना दादा’. सकाळी सातला फोन. "का बे, कार्यकर्त्यांनीच पाडलं म्हणतो का मला?" तुमचे किस्से टाका.

नवीपेठकर: 😂😂 दादांचं बरोबरच होतं की बे

निवृत्त मुद्रितशोधक: चूक ‘हार’मध्ये कमी, ‘ताना’मध्ये जास्त. फुलांचा हार पुल्लिंगी, पराभवाची हार स्त्रीलिंगी. ‘हार स्वीकारला’ लिहिलं असतं तर फुलंच दिसली असती, ‘स्वीकारली’ म्हटलं की पराभव. पण फोटोओळीत आपण सगळं ‘देताना, घेताना, स्वीकारताना’ करतो, त्यात लिंग झाकलं जातं, मग वाचणारा आदल्या आठवड्याची बातमी आठवून अर्थ लावतो. ‘पुष्पहार’ लिहायचं नाहीतर सरळ ‘दादांचा सत्कार करताना कार्यकर्ते’.

शेंगाचटणी: नुसतं ‘हार’ला अवतरणचिन्ह टाकलं असतं तरी भागलं असतं ना

निवृत्त मुद्रितशोधक: मग तर टोमणाच झाला! शिवाय मोठ्यानं वाचताना चिन्ह ऐकू येत नाही. मी ओळ शेजारच्याला फोटो न दाखवता वाचून दाखवायचो. तो हसला की बदलायची.

अक्कलकोट रोड: आमचं गड्ड्याच्या जनावरांच्या बाजारातलं. फोटोत डावीकडं पाहुणे, मधी खिलार खोंड, उजवीकडं मालक. गड्यानं लिहिलं, ‘पहिला आलेला खिलार खोंड, डावीकडून’ आणि पुढं दोघांची नावं, म्हणजे खोंड पाहुणेच झाले की. पुढच्या अंकात खुलासा, ‘पाहुणे हे खोंड नाहीत’. ज्यांनी पहिलं वाचलं नव्हतं त्यांनीपण मग जुना अंक शोधला.

सातरस्ता_माई: भाकरी थापतेय, एका हातानं टाईप करतेय. पुतण्याच्या लग्नाच्या फोटोला चांगलं कॅप्शन सुचवा ना कोणी, दोघं हार घालतानाचाच आहे

नवीपेठकर: माई ‘हार मानली’ टाका, पुतण्याला पटेल

सातरस्ता_माई: सूनबाई वकील आहे रे बाबा 🙏

अक्कलकोट रोड: आमच्या आजीला कन्नडच जास्त. दूध म्हणजे हालु. दारात ‘आमचे येथे हाल मिळेल’ अशी पाटी लावायची म्हणत होती, आजोबांनी वेळीच धरलं 😄

शेंगाचटणी: पण खुलासा छापायचा का नाही मग?

निवृत्त मुद्रितशोधक: छापायचा, पण जुनी ओळ परत न लिहिता. ‘खोंडाच्या मालकाला बक्षीस देताना पाहुणे’, एवढंच.

नवीपेठकर: मला तर वाटतं गप बसावं, लोक विसरतात

ते दादा नाही विसरले. परवा लग्नात भेटले, मी हात पुढं केला तर म्हणाले, "फोटो काढणार असशील तर लांब थांबतो."