लेकराचं ऑनलाइन क्लासचं खातं कसं काढलंत? अनुभव सांगा

मुलगा पाचवीत आहे, सोमवारपासून क्लास. माझ्याच खात्यावर बसवू का? कॅमेरा आपोआप चालू व्हायला नको. ज्यांनी केलंय त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा.

परभणीची आई
आधी मुलगी माझ्याच खात्यावर बसायची. सगळ्या वर्गाला माझं पूर्ण नाव अन् फोटो दिसायचा. मग जुना फोन पूर्ण पुसून त्यावर फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपमधून फक्त तिचंच खातं घातलं, जन्मसाल खरं टाकून. आता नवीन ॲप घ्यायचं तर परवानगी माझ्या फोनवर मागितली जाते.

क्लासच्या ॲपमध्ये `Turn off my video` चालू केलं अन् निवांत झाले. एका संध्याकाळी लाईट गेली, क्लास तुटला. तिनं लिंक पुन्हा दाबली, ती ब्राउझरमध्ये उघडली. त्यानं कॅमेरा मागितला, लेकरानं हो म्हटलं. मी पोळ्या सोडून आले तर फोनच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका, अन् मागं सासूबाई वेणी घालताना साऱ्या वर्गाला दिसत होत्या. ॲपमधली सेटिंग त्या ॲपपुरतीच होती. त्या रात्री फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲप अन् ब्राउझर, दोन्हींच्या कॅमेऱ्याला `Don't allow` केलं. आता तिनं बटण दाबलं तरी चित्र जात नाही.

नांदेडचे काका
एवढा खटाटोप कशाला? कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावा, झालं काम.

लातूरच्या शिक्षिका
काका, पट्टीनं चित्र थांबतं, आवाज नाही. माइक उघडा राहिला की घरातली भांडणंसुद्धा आम्हाला ऐकू येतात. झूमवर मी मुलाचा कॅमेरा बंद करू शकते, पण चालू करू शकत नाही. फक्त विनंती पाठवता येते, अन् लेकरू ती पटकन स्वीकारतं. म्हणून परभणीच्या ताईंनी केलं तेच पक्कं. पहिल्या दिवसाआधी घरातल्या दुसऱ्या फोनवरून त्याच ॲपवर मीटिंग लावा, लेकराला ॲपमधून एकदा, ब्राउझरमधून एकदा आत घ्या, अन् समोरच्या बाजूनं काय दिसतं ते बघा. नाव म्हणून पहिलं नाव अन् हजेरी क्रमांक पुरतो.

अंबाजोगाईहून
आमच्याकडं रेंजच नाही हो! दीड जीबी दुपारीच संपतो. त्याला काही सेटिंग?

परभणीची आई
दादा, कॅमेरा बंद ठेवला तर डेटाही वाचतो. रेंजचं मात्र मलाही जमलं नाही.

जालन्याचा बाप
आमच्या क्लासमध्ये चाचणीला कॅमेरा सक्तीचा आहे. तेव्हा काय करता?

लातूरच्या शिक्षिका
तेवढ्यापुरती परवानगी `Ask every time` ठेवा, मोठं माणूस शेजारी बसवा, फोन वहीकडं वळवून मागं कोरी भिंत येऊ द्या. संपलं की पुन्हा बंद.

जालन्याचा बाप
तसं केलं मॅडम. पण रेकॉर्डिंग कुणाकडं राहतं अन् किती दिवस, हे दोनदा विचारलं. अजून उत्तर नाही.