मदत हवी आहे: कुकरमध्ये पालक खाकी का होतो? (रविवारी पाहुणे आहेत, लवकर सांगा)

घाईतली_सुगरण
रविवारी १२ माणसं जेवायला आहेत आणि पालक पनीर करायचं असं मीच बोलून बसलेय. काल ट्रायल घेतली, पालक कुकरला लावला आणि बाहेर काय आलं तर भिजवलेल्या मेंदीसारखा लगदा. चव ठीक होती पण रंग बघून मुलगा म्हणाला हे कालचं आहे का. वर सासूबाईंचं सुरू, की कुकरमध्ये जीवनसत्त्वं मरतात, भाजी वाफेवरच करावी. हॉटेलात हिरवागार कसा असतो? प्लीज नेमकं काय करायचं तेवढंच सांगा, लिंका नकोत.

तर्रीवाला_नागपूर
चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. विषय संपला.

अळूवडी
किती शिट्ट्या? पाणी किती घातलं होतं? नुसता पालक होता की अजून काही?

घाईतली_सुगरण
दोनच शिट्ट्या हो. अर्धी वाटी पाणी. नेहमीसारखाच लावला.

जुना_प्रयोगशाळावाला
ताई, "नेहमीसारखा" म्हणजे कसा तेच तर हवंय. सोबत टोमॅटो होते का? आणि शिट्ट्या झाल्यावर झाकण कधी उघडलं?

घाईतली_सुगरण
हो मग, दोन जुड्या पालक, तीन टोमॅटो, मिरच्या, लसूण सगळं एकत्रच, नंतर मिक्सरला एकदमच फिरवायचं असतं ना. झाकण पडल्यावर उघडलं. म्हणजे शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला आणि मी मुलाला बसस्टॉपवरून आणायला गेले, अर्ध्या तासाने आले. पण गॅस बंद होता!

जुना_प्रयोगशाळावाला
सापडलं. नोकरीची बरीच वर्षं अन्नप्रक्रियेच्या लॅबमध्ये गेली म्हणून थोडं लांबण लावतो, राग मानू नका.

पानाचा हिरवा रंग ज्या रेणूचा असतो त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. आंबट आणि गरम असं एकत्र आलं की ते मॅग्नेशियम निसटतं आणि उरतो तो तुमचा खाकी रंग. आता गंमत अशी, की आंबट बाहेरून घालायचीही गरज नसते. पानाच्या पेशीत स्वतःचीच आम्लं असतात, कच्च्या पानात ती वेगळ्या कप्प्यात बंद असतात, शिजताना कप्पे फुटतात. उघड्या पातेल्यात यातली काही आम्लं वाफेबरोबर उडून जातात. कुकरमध्ये जाणार कुठे? झाकणाला लागून परत भाजीतच ठिबकतात. त्यात तुम्ही तीन टोमॅटो घातले. आणि शिट्टी होते तेव्हा आत साधारण १२० अंश असतात, गॅस बंद केला म्हणून ते लगेच उतरत नाहीत. तुमच्या मते पालक पाच मिनिटं शिजला, पालकाच्या मते तो बराच वेळ टोमॅटोच्या रसात उकडत बसला होता.

पालकाला खरं तर दीड मिनिट पुरतं. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळवा, झाकण न ठेवता पानं थोडी थोडी टाका. रंग एकदम भडक हिरवा होतो, कारण पानातली हवा निघून जाते. तो दिसला की झाऱ्याने काढून बर्फाच्या पाण्यात. टोमॅटो वेगळा परतून शिजवा आणि पालक शेवटी घाला.

तर्रीवाला_नागपूर
एवढं पुराण कशाला काका, सोडा टाकला की हे सगळं होतच नाही. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत आचारी तेच करतात, दोनशे माणसांची भाजी हिरवीगार.

जुना_प्रयोगशाळावाला
रंग टिकतो हे बरोबर आहे, सोड्याने आंबटपणा मरतो. पण क जीवनसत्त्व आणि बी-१ सोड्यात टिकत नाहीत, आणि पानाचा पोत जातो, बोटात धरलं तर बुळबुळीत लागतं. जास्त पडला तर साबणाची चव. भाजी हिरवी दिसते म्हणून सत्त्व शाबूत आहे असं समजायचं नाही.

तर्रीवाला_नागपूर
चिमूटभराने कोणी मेलं नाही अजून.

कोकणी_मुलूख
आमच्याकडे अळूचं फदफदं कायम कुकरलाच, तेही डाळ-दाणे घालून, वर चिंच. पन्नास वर्षांत हिरवं कधी झालं नाही आणि कोणी विचारलंही नाही. चिंच नाही घातली तर घसा खाजतो तो वेगळाच. भाजी हिरवी हवी हा हट्ट हॉटेलांनी लावलाय.

पुणेरी_टोपी
पनीर कुठलं वापरता? आमचं कायम रबरासारखं होतं. कोमट मिठाच्या पाण्यात ठेवा म्हणतात, खरं का?

अळूवडी
@पुणेरी_टोपी ठेवा, मऊ राहतं, पण वेगळा धागा काढा ना.

काका, मला एक कळलं नाही. भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकलं तर क जीवनसत्त्व त्या पाण्यातच जाणार की. मग स्वातीच्या... सॉरी, सुगरणीच्या सासूबाई बरोबर ना? वाफवलं तर पाण्यात काही जातच नाही.

जुना_प्रयोगशाळावाला
हाच खरा प्रश्न आहे. रंगाचा आणि जीवनसत्त्वांचा हिशोब वेगवेगळा ठेवायला लागतो, आपण दोन्ही एकत्र करतो. रंगासाठी सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे भरपूर उकळतं पाणी, आणि नेमकी त्यातच क जीवनसत्त्व आणि फोलेट सगळ्यात जास्त वाहून जातात. वाफेवर ती बरीच टिकतात. कुकरचं म्हणाल तर सासूबाई अर्ध्याच बरोबर आहेत. कुकरमध्ये उष्णता जास्त, पण पाणी अर्धी वाटी आणि तेही भाजीतच राहतं, म्हणजे जे पाण्यात उतरलं ते पोटातच जातं. एका शिट्टीवर लगेच उतरवून वाफ सोडली तर कुकर काही वाईट नाही. तासभर तसाच ठेवला तर मग वाईट. आणि डोळ्यांसाठी लागणारं कॅरोटिन, के जीवनसत्त्व, लोह हे खाकी पालकातही जवळपास तेवढंच असतं. तुमची कालची भाजी फुकट गेली नाही.

मुतखड्यातून_वाचलेला
सगळे पाणी वाचवायचं बोलताय. मला डॉक्टरांनी उलट सांगितलंय. दोनदा खडे झाले, पालकात ऑक्सलेट भरपूर असतं, ते पाण्यात उतरतं म्हणून उकळून पाणी फेकायचं. वाफवलेल्या पालकात त्यातलं बरंचसं राहतं. माझ्या बायकोने त्या पाण्यात कणीक मळली होती एकदा, पौष्टिक म्हणून! पाहुण्यांपैकी कोणाला खड्याचा त्रास असेल तर पाणी ग्रेव्हीत घालू नका.

अळूवडी
म्हणजे पाणी फेकलं तर जीवनसत्त्व जातं आणि ठेवलं तर खडे. छान.

मुतखड्यातून_वाचलेला
ज्याला खडे नाहीत त्याने प्यावं की पाणी, मी कुठे अडवतोय.

बर्लिनची_बाय
इथे मी गोठवलेला पालक आणते. तो आधीच उकळत्या पाण्यातून काढलेला असतो, पुन्हा फार शिजवायची गरज नसते. मी नुसता कढईत सोडते, झाकण नाही, तीन-चार मिनिटं. कुकरला लावायचा प्रश्नच नाही.

आजीची_पितळी
माझी आजी बिनकल्हईच्या पातेल्यात भाजी करायची, इतकी हिरवी व्हायची की बोलायची सोय नाही. जुनी भांडी ती जुनीच.

जुना_प्रयोगशाळावाला
@आजीची_पितळी कृपा करून कोणी हे करू नका. मॅग्नेशियमच्या जागी तांबं जाऊन बसलं की हिरवा पक्का होतो, म्हणून तो रंग. पण तेच तांबं आंबट भाजीत जास्त उतरलं तर मळमळ, उलट्या. कल्हई उगाच करत नव्हते.

घाईतली_सुगरण
बापरे किती बोलता तुम्ही लोक. आज सकाळी जुडीचे तीन भाग करून बघितलं.

पातेलं: दीड मिनिट, मग बर्फ. रंग झकास, पोपटी नाही, गडद हिरवा. पाणी मात्र हिरवट झालं.

मोदकपात्रात वाफ: तीन मिनिटं. मी पानं दाबून भरली होती, त्यामुळे वरची आणि कडेची शिजली, मधला गोळा कच्चाच. अजून दोन मिनिटं ठेवलं तर बाहेरची पानं मळकट झाली, झाकणावरून थेंब पडले तिथे तर डागच. पण चव यातच सगळ्यात चांगली, गोडसर, हे मानावं लागेल.

कुकर: टोमॅटो न घालता, एक शिट्टी, लगेच नळाखाली धरून उघडला. कालच्यापेक्षा खूपच बरा, पण पातेल्याइतका नाही.

पातेल्यातला मिक्सरला फिरवला, टोमॅटो-कांदा वेगळा परतून गॅस बंद केल्यावर मिसळला. हिरवागार! मुलगा म्हणाला आजचं आहे. पण दुपारी उरलेलं झाकून पुन्हा पाच मिनिटं गरम केलं तर परत मंद पडलं. रविवारी पाहुणे दीडला म्हणाले की अडीचला येतात, काय करू?

जुना_प्रयोगशाळावाला
वाफेसाठी पानं सैल पसरा, एका वेळी थोडी, आणि मध्ये झाकण एकदा उघडून पुसा. रविवारी पालकाची प्युरी आणि टोमॅटोचा मसाला वेगवेगळा करून फ्रीजमध्ये ठेवा, पाहुणे चपला काढतायत तेव्हा एकत्र करा, पनीर घाला, दोन मिनिटं उघडंच गरम करा. लिंबू ताटात वाढा, भाजीत पिळू नका.

तर्रीवाला_नागपूर
किंवा सोडा.

अळूवडी
काका, मेथीला पण हेच का? ती उकळत्या पाण्यात टाकली तर कडूपणा जातो असं आई म्हणते, पण मग वासही जातो.

जुना_प्रयोगशाळावाला
मेथी मी नुसती कढईत परततो, पाणी अजिबात नाही. कडूपणाचं मला ठामपणे सांगता येणार नाही, घरोघरी वेगळं ऐकलंय.

घाईतली_सुगरण
त्या हिरव्या पाण्याचं काय करू ते कोणीच नीट सांगितलं नाही. सासूबाईंनी ते डाळीत घातलंय. आणि आता आठवलं, मोठ्या नणंदेच्या यजमानांना मागच्या वर्षी खडा झाला होता.

मुतखड्यातून_वाचलेला
त्यांना डाळ वेगळी करा.

पुणेरी_टोपी
पनीर मिठाच्या पाण्यात किती वेळ ठेवायचं?