शब्दचर्चा: प्लेटलेट ‘चिकटतात’, पण कशाला?

पत्रकवाली
रक्तस्रावाच्या एका जन्मजात आजारावरचं चार पानी पत्रक मराठीत करते आहे, रुग्ण मुलांच्या घरच्यांसाठी. आजार ग्लान्झमान थ्रॉम्बास्थेनिया. मी लिहिलं होतं, “या आजारात प्लेटलेट नीट चिकटत नाहीत.” तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्याखाली लाल पेनाने एकच शब्द लिहून परत पाठवलं: “कशाला?”

आधी वाटलं, “कशाला लिहिलंस हे?” असं विचारताहेत. मग कळलं की प्रश्न खरंच “कोणत्या वस्तूला?” असा आहे. मूळ मजकुरात दोन वेगळ्या क्रिया आहेत, ॲडहीजन आणि ॲग्रिगेशन. मी दोन्हीला ‘चिकटणे’ करून टाकलं होतं. दोन वेगळे शब्द सुचवा. आईवडील दहावी-बारावी शिकलेले असतील असं धरून चाला.

कोशप्रेमी
आसंजन आणि समुच्चयन. शब्द तयार असताना नवे कशाला पाडायचे? प्लेटलेटलाही ‘बिंबाणू’ हा जुना, सुटसुटीत शब्द आहे.

पत्रकवाली
बिंबाणू मला आवडतो, पण डेंग्यूच्या कृपेने ‘प्लेटलेट’ आता गावोगावी पोचला आहे, तो काढून काय मिळवू? आणि “तुमच्या मुलीच्या बिंबाणूंचे समुच्चयन होत नाही” हे वाचून तिची आई काय समजेल?

दुसरं वर्ष
मी एमबीबीएसला आहे, सांगतो. जखम झाली की प्लेटलेट येऊन चिकटतात, मग फायब्रिनचं जाळं होतं आणि रक्त गोठतं. सगळं एकच आहे. ॲग्रिगेशनमध्येही फायब्रिनोजेन लागतंच, म्हणजे ते गोठणंच झालं. ‘गोठणे’ वापरा. दहीहंडीचं उदाहरण द्या, थरावर थर लागतात तसं.

स्मिअर बघणारा
दुसरं वर्ष, फायब्रिनोजेन लागतं हे बरोबर, पण ते गोठणं नव्हे. गोठताना थ्रॉम्बिन नावाचं विकर फायब्रिनोजेनचे बारीक तुकडे छाटतं आणि उरलेल्याचे फायब्रिनचे धागे होतात. इथे ते अख्खंच वापरलं जातं. लांबुळका रेणू आहे, एक टोक एका प्लेटलेटने धरायचं, दुसरं शेजारणीने. थर लागताना गोविंदा थेट एकमेकांचे खांदे धरतात. प्लेटलेट एकमेकींना थेट धरत नाहीत, मध्ये रुमाल धरतात. तो रुमाल म्हणजे फायब्रिनोजेन.

तरी दहीहंडी टाकून देऊ नका. सगळ्यात खालचा थर जमिनीवर उभा असतो आणि वरचे माणसांवर. पत्रकवालीबाईंच्या दोन शब्दांमधला फरक नेमका तोच आहे.

आता खालच्या थराचं. रक्तवाहिनीचं अस्तर फाटलं की त्याखालचं कोलॅजन उघडं पडतं. रक्तात वाहणारं व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं लांबलचक प्रथिन त्या कोलॅजनला अडकतं आणि प्रवाहाच्या ओढीने सुताच्या गुंडीसारखं उलगडतं. प्लेटलेटच्या अंगावरचा एक हात, ग्लायकोप्रोटीन वन-बी, ते सूत पकडतो. पण ही पकड क्षणाची असते. धरते, सुटते, पुन्हा धरते, त्यामुळे प्लेटलेट भिंतीवर गडगडत हळू होते. मग दुसरे हात थेट कोलॅजनला धरतात आणि ती पक्की बसते. मराठीत ‘चिकटणे’ म्हटलं की एकदा लागलं ते लागलं असं वाटतं. इथे आधी अडखळणं आहे, मग बसणं.

नलूताई, कराड
मी हे वाचून फार घाबरले आहे. आमच्या ह्यांचा कालचा रिपोर्ट: प्लेटलेट ४८,००० आणि खाली “प्लेटलेट क्लम्प्स सीन” असं लिहिलंय. म्हणजे ह्यांच्या अंगात गुठळ्या झाल्यात का? ताप नाही, रक्त कुठून येत नाही, सकाळी शेतावर जाऊन आले.

स्मिअर बघणारा
नलूताई, आधी श्वास घ्या. ते पुंजके बहुधा नळीत झालेत, अंगात नाहीत. रक्त घेतात त्या जांभळ्या बुचाच्या नळीत ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन असतं. काही लोकांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात की ईडीटीएने कॅल्शियम ओढून घेतलं की ती प्लेटलेटना धरून पुंजके करतात. यंत्र पुंजक्याला एक प्लेटलेट म्हणून मोजत नाही, पांढरी पेशी समजतं किंवा सोडून देतं, म्हणून आकडा पडतो.

लॅबला सांगा, काचपट्टीवर डोळ्यांनी बघा आणि निळ्या बुचाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा घ्या. त्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असतो, म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात. म्हणजे १,९०,००० आलं तर खरा आकडा २,०९,०००. क्वचित सायट्रेटमध्येही पुंजके होतात, म्हणून काचपट्टी बघायचीच. डॉक्टरांना दाखवाच, पण या एका कागदावर कुणी प्लेटलेट चढवायला निघालं तर आधी हे विचारा.

पत्रकवाली
नलूताईंमुळे एक प्रश्न पडला. नळीत भिंत फाटलेली नाही, कोलॅजन नाही. मग ते चिकटणं कोणतं? पहिलं की दुसरं?

स्मिअर बघणारा
तिसरंच! ॲग्लुटिनेशन. आणि याचं उत्तर मराठी व्याकरणात आहे असं मला बरीच वर्षं वाटतं. ‘गोळा होणे’ आणि ‘गोळा केले जाणे’. ॲग्रिगेशनमध्ये प्लेटलेट जागी होते, चकतीची काटेरी होते, आतल्या पिशव्यांतून एडीपी नावाचं रसायन ओतते, थ्रॉम्बॉक्सेन नावाचं दुसरं बनवते. त्याने शेजारणी जाग्या होतात आणि प्रत्येकीच्या अंगावरचा टू-बी थ्री-ए नावाचा हात, जो एरवी मिटलेला असतो, उघडून फायब्रिनोजेन धरतो. त्या स्वतः गोळा होतात. ॲग्लुटिनेशनमध्ये बाहेरची वस्तू त्यांना एकत्र बांधते, जिवंत असोत नसोत.

तुमच्या आजाराची तपासणीच या फरकावर उभी आहे. माझ्या टेबलावर आलेलं एक उदाहरण सांगतो. सहा वर्षांची मुलगी, दुधाचे दात पडताना हिरडी दोन-दोन दिवस वाहायची, घोळणा फुटला की थांबायचा नाही. प्लेटलेट २,४०,०००, आकार नेहमीचा, गोठण्याच्या दोन्ही तपासण्या ठीक. तिच्या आईवडिलांना तोवर चार ठिकाणी “सगळं नॉर्मल आहे” सांगितलेलं. पण बोटातून थेट काचपट्टीवर घेतलेला थेंब पाहिला तर एकेक प्लेटलेट सुटी पडलेली, रिकाम्या वर्गात लांबलांब बसलेल्या मुलांसारखी. बोटाच्या ताज्या थेंबात त्यांचे पुंजके दिसायला हवेत. हे पाहायला सूक्ष्मदर्शकाशिवाय काही लागत नाही, आणि तेच राहून गेलं होतं.

मग ॲग्रिगोमीटर. प्लेटलेट असलेला गढूळ प्लाझ्मा ३७ अंशांवर ढवळत ठेवायचा, त्यातून प्रकाश सोडायचा. प्लेटलेट गोळा झाल्या की द्रव निवळतो, प्रकाश जास्त जातो, कागदावर रेघ चढते. तिच्यात एडीपी घातलं, रेघ आडवी. कोलॅजन घातलं, आडवी. ॲड्रेनॅलिन, आडवी. शेवटी रिस्टोसेटिन घातलं आणि रेघ चढली.

दुसरं वर्ष
रिस्टोसेटिन अँटिबायोटिक ना? मग त्यानेच का?

स्मिअर बघणारा
अँटिबायोटिकच होतं. रुग्णांच्या प्लेटलेट कमी करतं हे कळल्यावर औषध म्हणून बंद पडलं आणि लॅबला मिळालं. ते व्हॉन विलेब्रँड फॅक्टरला वन-बी या हाताशी जोडून देतं, म्हणजे भिंत नसताना भिंतीचं नाटक. फॉर्मॅलिनमध्ये मारून ठेवलेल्या प्लेटलेटही त्याने गोळा होतात. त्या मुलीचा भिंत धरायचा हात शाबूत होता, शेजारीण धरायचा नव्हता. ग्लान्झमान हे स्विस बालरोगतज्ज्ञ, त्यांनी १९१८ मध्ये हा आजार वर्णिला.

उलटा आजारही आहे, बर्नार आणि सुलिए या फ्रेंच डॉक्टरांनी १९४८ मध्ये सांगितलेला. त्यात भिंत धरायचा हात नसतो. एडीपीला रेघ चढते, रिस्टोसेटिनला आडवी. प्लेटलेट कमी आणि दांडग्या, काही तर तांबड्या पेशीएवढ्या. दोन्ही आजारांना “प्लेटलेट चिकटत नाहीत” म्हणता येईल, आणि म्हणूनच ते वाक्य कुचकामी आहे.

कोशप्रेमी
मग माझंच खरं ठरलं. दोन क्रिया, दोन नामं. आसंजन, समुच्चयन.

पत्रकवाली
नाही हो काका, नामामुळेच घोटाळा होतोय. ‘समुच्चयन’ म्हटलं की कोण कुणाला धरतंय हे लपतं. क्रियापद ठेवलं की मराठी आपोआप विचारते, कशाला, कुणाला. “भिंतीला चिकटतात” आणि “एकमेकींना धरतात”. डॉक्टरीणबाईंच्या लाल शब्दाचं उत्तर ‘ला’ आणि ‘ना’ या प्रत्ययांतच आहे.

कोशप्रेमी
पत्रकापुरतं मान्य. पाठ्यपुस्तकात प्रकरणाचं नाव काय देणार, “भिंतीला चिकटणे व एकमेकींना धरणे”?

स्मिअर बघणारा
काकांचा मुद्दा अगदीच उडवून लावू नका. आणि माझी मांडणीही जरा जास्तच स्वच्छ आहे. बारीक धमन्यांत प्रवाह जोराचा असतो, तिथे व्हॉन विलेब्रँड फॅक्टर दोन प्लेटलेटमध्येही रुमालासारखा वापरला जातो. भिंतीचं सूत आणि शेजारणीचा रुमाल एकच. शब्द दोन असले तरी रेणू ती हद्द पाळत नाहीत.

नलूताई, कराड
लॅबवाल्याने निळ्या नळीत पुन्हा घेतलं. २,१२,०००, गुणून झालेला आकडा. डॉक्टरही ठीक म्हणाले. तुमचे उपकार. आता शब्दाचं सांगू का? भांड्याला भोक पडलं की आम्ही चिंधीचा बोळा कोंबतो. तुम्ही म्हणता ते प्लेटलेटचं जे होतं त्याला बोळा म्हणा की. गुठळी म्हटलं की माणूस हृदयाकडे हात नेतो.

पत्रकवाली
बोळा! मी ‘प्लग’चं ‘बूच’ केलं होतं, पण बूच अखंड असतं, आयतं मिळतं. बोळा सुट्या चिंध्यांचा, जागेवर कोंबून केलेला. आणि नंतर फायब्रिनने तो शिवला की ‘गुठळी’.

कोशप्रेमी
बोळा कुणीतरी कोंबतो, नलूताई. हा आपोआप होतो. तुमच्याच ‘होणे-करणे’ न्यायाने चूक.

दुसरं वर्ष
माहितीसाठी, इटलीच्या बिझ्झोझेरोंनी १८८२ मध्ये गिनीपिगच्या जिवंत रक्तवाहिन्यांत हे पाहिलं, जखमेच्या जागी आधी भिंतीशी मग एकमेकींशी. त्यांनी नाव दिलं ‘पियास्त्रिने’, म्हणजे छोट्या चकत्या. ‘चकत्या’ चालेल का?

पत्रकवाली
चकत्या म्हटलं की काकडी आठवते. आत्ता पत्रकात असं आहे:

“जखम झाली की प्लेटलेट आधी फाटलेल्या भिंतीला चिकटतात. मग त्या एकमेकींना धरतात आणि भोकावर बोळा बसतो. तुमच्या मुलाच्या प्लेटलेट भिंतीला चिकटतात, पण एकमेकींना धरू शकत नाहीत. म्हणून एकच थर बसतो, बोळा होत नाही. मोजणीचा आकडा चांगला असला तरी रक्त थांबायला वेळ लागतो. ॲस्पिरिन देऊ नका.”

काका, ‘बोळा बसतो’ म्हटलंय, कुणी कोंबलेला नाही.

कोशप्रेमी
‘बसतो’ ठीक. पण ‘एकमेकींना’ का? प्लेटलेट स्त्रीलिंगी कधीपासून?

स्मिअर बघणारा
आमच्या लॅबमध्ये ती प्लेटलेट. शेजारच्या ब्लडबँकेत तो प्लेटलेट. आणि पिशवी मागताना “चार प्लेटलेट्स दे”.