बेसिक 2,400, एकूण 6,000: ऑफर लेटरचा फोटो

प्रणव:
नमस्कार मंडळी. सांगलीच्या मामेभावाला शारजात स्टोअरकीपरची ऑफर आली आहे. फोटो जोडलाय, पासपोर्ट नंबर झाकलाय. बेसिक 2,400, घरभाडं 2,000, प्रवास 600, इतर 1,000, एकूण 6,000 दिरहम. वर्षाला 30 दिवस रजा. खाली बारीक अक्षरात: 'व्हिसा खर्च 4,500, 12 हप्त्यांत वळता'. घरी पेढे वाटून झालेत. सही करू दे का?

सुहासकाका:
यात पीएफ आणि टॅक्सची कपात कुठे दिसत नाही. फोटो अर्धवट आलाय का रे?

मेघना:
काका, इथे पगारावर आयकर नाही आणि आपल्या लोकांना पीएफही नाही. त्याऐवजी ग्रॅच्युइटी असते, आणि ती फक्त बेसिकवर निघते, म्हणून एकूण आकड्याला भुलू नका. पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांचं बेसिक मिळतं. 2,400 म्हणजे दिवसाचे 80, वर्षाचे 1,680, तीन वर्षांनी 5,040. याच 6,000 मध्ये बेसिक 3,600 असतं तर 7,560 झाले असते. न वापरलेल्या रजेचे पैसेही नोकरी सोडताना बेसिकवरच मिळतात. ओव्हरटाइमचा हिशेबही बेसिकवरच.

नितीन:
पण राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी एक तृतीयांशच हातात येते. माझी तशीच गेली, 2019 मध्ये.

मेघना:
नितीनदादा, तुमचं बरोबर, पण तो जुना कायदा. फेब्रुवारी 2022 पासून नवा लागू आहे. वर्ष पूर्ण झालं की स्वतः सोडली तरी कापत नाहीत.

प्रणव, मला खटकतोय तो व्हिसाचा खर्च. महिन्याला 375 जाणार, म्हणजे वर्षभर हातात 5,625 च. भरतीचा खर्च कामगाराकडून घेणं कायद्यात बसत नाही, मग त्याचे हप्ते केले तरी काय! शिवाय हा कागद कंपनीच्या लेटरहेडवरचा आहे. कामगार मंत्रालयाची, म्हणजे मोहरेची, ऑफर वेगळी येते आणि तीही त्याने सही करायची असते. तिच्यातलं बेसिक या कागदाशी ताडून पाहा. तिथे 1,500 निघालं तर लेटरहेडवरच्या 6,000 ला फारसा अर्थ नाही.

नितीन:
30 दिवस रजा म्हणजे सहा आठवडे झाले की, शुक्रवार-शनिवार सोडून!

मेघना:
नाही हो, त्यात सुट्टीचे वारही मोजले जातात. सव्वाचार आठवडे धरा. आणि शनिवार-रविवार म्हणा आता, बऱ्याच ठिकाणी शुक्रवार अर्धा दिवस असतो.

प्रणव:
त्याने एचआरला विचारलं. म्हणे, हप्ते 'सगळ्यांनाच' आहेत आणि मोहरेची ऑफर व्हिसाच्या वेळी दाखवू. 'इतर 1,000' कशाचे, यावर उत्तर नाही.

सुहासकाका:
मग सहीही व्हिसाच्या वेळीच करायला सांग.

प्रणव:
मी तेच म्हणतोय काका, पण मामी म्हणते ऑफर हातची जाईल. विमानाच्या तिकिटाचं कलम दुसऱ्या पानावर आहे म्हणे. तो फोटो अजून आलेला नाही.